सीनियरच्या हातातली दहा मिनिटं

चि. भाचीस,

तुझा प्रश्न नेमका होता. रिट याचिकेचा मसुदा तयार आहे, सीनियर दुसऱ्या कोर्टातून येऊन दहा मिनिटं तो चाळणार आहेत. अशा वेळी आव्हानाचे मुद्दे आणि मागण्या कशा मांडायच्या? याचं उत्तर एका प्रकरणावरून सांगितलेलं बरं. हे कुणा एका पक्षकाराचं प्रकरण नाही. जमातीच्या दाव्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून उभं केलेलं उदाहरण आहे. मसुदा करणारा ज्युनियरही त्यातलाच.

खानदेशातल्या एका खेड्यातल्या मुलीला ठाकूर जमातीच्या दाखल्यावर वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला आहे. तपासणी समितीनं चौतीस पानांचा आदेश काढून तिचा दावा फेटाळला, जमातीचा दाखला रद्द करून जप्त केला आणि आदेशाची प्रत महाविद्यालयाला पाठवली. महाविद्यालयानं प्रवेश रद्द का करू नये, अशी नोटीस दिली आहे. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाच्या कलम ७(२) प्रमाणे समितीचा आदेश अंतिम असतो आणि त्याविरुद्ध दाद फक्त अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात मागता येते. त्यामुळे पर्यायी उपायाचा प्रश्न इथे येत नाही. याचिकेत त्यासाठी एक वाक्य पुरे.

ज्युनियरनं तेवीस ग्राउंड लिहिली होती. पहिलं असं: आदेश बेकायदेशीर, मनमानी, विकृत आणि अनुच्छेद १४ चा भंग करणारा आहे. दुसरं असं: समितीनं पुराव्याचं योग्य मूल्यमापन केलं नाही. पुढची बरीचशी याच दोहोंची रूपं होती. मुलीच्या सख्ख्या काकांना २००९ साली याच जमातीचं वैधता प्रमाणपत्र मिळालं आहे, ही गोष्ट सतराव्या ग्राउंडमध्ये एका ओळीत आली होती. सीनियरच्या दहा मिनिटांत सतरावं ग्राउंड येत नाही.

अनुभवी वकील मसुदा पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी तो वादग्रस्त आदेशाचा शेवटचा परिच्छेद काढतो, म्हणजे नक्की काय झालं ते कळतं. मग प्रेयर क्लॉज पाहतो, म्हणजे काय मागायचं ते कळतं. या दोन्हींना जोडणारा रस्ता तो ग्राउंडमध्ये शोधतो आणि शंका आली तरच तारखांच्या यादीकडे वळतो. म्हणून ग्राउंडची तपासणी करायला एकच कसोटी पुरते: हे ग्राउंड मान्य झालं तर न्यायालय कोणती मागणी मंजूर करेल? ज्याला उत्तर नाही, ते ग्राउंड पहिल्या पानावर नको.

दुसऱ्या ग्राउंडचं दुखणं वेगळं आहे. पुराव्याचं मूल्यमापन चुकलं, एवढंच म्हणणं अपिलात चालतं. इथे न्यायालय अपील ऐकत नसतं. सय्यद याकूब विरुद्ध राधाकृष्णन या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही सीमा आखून दिली आहे. पुरावा अपुरा होता किंवा त्यावरून दुसरा निष्कर्ष निघू शकला असता, एवढ्यावर उत्प्रेषणाचा आदेश मिळत नाही. पण ग्राह्य आणि महत्त्वाचा पुरावा चुकीच्या कारणानं बाजूला ठेवला, किंवा कसलाही पुरावा नसताना निष्कर्ष काढला, तर ती कायद्याची चूक ठरते आणि न्यायालय हात घालू शकतं. म्हणजे तक्रार तीच राहते, पण ती वजनाबद्दल न करता वगळण्याबद्दल करावी लागते. समितीनं कागदाला कमी महत्त्व दिलं, असं लिहिलं की याचिका अडखळते. समितीनं कागदाची नोंद पान ६ वर घेतली आणि निष्कर्षात त्याचं नावही काढलं नाही, असं लिहिता आलं तर तिला पाय फुटतात. अर्थात हे खरं असेल तरच लिहायचं, आणि त्यासाठी आदेशाची चौतीस पानं पेन्सिल घेऊन वाचावी लागतात.

आता क्रमाकडे. खरी चूक बहुतेकदा इथेच होते.

या प्रकरणात ज्युनियरला सर्वांत जोरदार वाटलेला मुद्दा नैसर्गिक न्यायाचा होता. दक्षता पथकाचा अहवाल मुलीच्या वडिलांना सुनावणीच्या दिवशीच हातात दिला गेला आणि उत्तरासाठी मागितलेली मुदत नाकारली गेली. माधुरी पाटील या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेली पद्धत स्पष्ट आहे. अहवाल दाव्याच्या विरोधात असेल तर त्याची प्रत नोटिशीबरोबर द्यायची आणि उत्तराला सर्वसाधारणपणे दोन आठवडे, जास्तीत जास्त तीस दिवस द्यायचे. भंग उघड आहे. ग्राउंड टिकणारं आहे. पण ते मान्य झाल्यावर काय होतं? न्यायालय आदेश रद्द करतं आणि प्रकरण फेरविचारासाठी त्याच समितीकडे पाठवतं. मुलगी पुन्हा रांगेत उभी राहते, वैधता प्रमाणपत्र नाहीच आणि महाविद्यालय दर सत्राला ते मागत राहतं. हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवला तर दुसऱ्या बाजूचे सरकारी वकील पहिल्याच तारखेला उभे राहून फेरविचाराला आमची हरकत नाही म्हणतील आणि बाकीचे मुद्दे ऐकलेच जाणार नाहीत.

म्हणून आधी मागणी ठरवायची, मग ग्राउंडचा क्रम लावायचा. मुलीला प्रमाणपत्र थेट मिळावं असं वाटत असेल, तर समितीपुढे कायद्यानं दुसरा पर्यायच उरला नव्हता, हे दाखवणारी ग्राउंड आधी आली पाहिजेत. फेरविचाराकडे नेणारं ग्राउंड शेवटी यावं आणि त्याची मागणीही पर्यायी म्हणून यावी.

काकांचं वैधता प्रमाणपत्र या दृष्टीनं पहिल्या जागेचं हक्कदार ठरतं. अपूर्वा निचळे या २०१० च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं आहे की वडिलांकडच्या रक्ताच्या नातलगाला चौकशीअंती वैधता मिळालेली असेल, तर ती फसवणुकीनं मिळवल्याचं किंवा अधिकारक्षेत्राबाहेर दिल्याचं आढळल्याशिवाय समितीनं त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या व्यक्तीबद्दल उलटा निष्कर्ष काढू नये. ज्युनियरची ओळ होती: समितीनं काकांच्या वैधतेकडे दुर्लक्ष केलं. ती पुन्हा लिहिल्यावर साधारण अशी झाली (याचिका इंग्रजीतच जाते, इथे मजकूर मराठीत देतो):

‘याचिकाकर्तीच्या सख्ख्या काकांना २००९ साली दक्षता पथकाच्या चौकशीनंतर ठाकूर जमातीची वैधता मिळाली आहे (एक्झिबिट डी, पान ४८). नातं वंशावळीत नमूद असून समितीनं ते नाकारलेलं नाही (आदेश, पान ९). वैधता फसवणुकीनं मिळवल्याचा निष्कर्ष आदेशात कुठेही नाही. असं असता वेगळा निष्कर्ष काढणं अपूर्वा निचळे निकालाच्या विरुद्ध आहे. मागणी अ आणि ब.’

या पाच वाक्यांत कागद, त्याचं पान, समितीची कबुली, आदेशातली उणीव, कायदा आणि त्यातून निघणारी मागणी एवढं आलं. सीनियरला पान ४८ आणि आदेशाचं पान ९ उघडावं लागतं, बाकी काही शोधावं लागत नाही. वाक्याच्या शेवटी मागणीचं अक्षर लिहिण्याची सवय फार थोड्यांना असते. दाखल करायच्या प्रतीत ते नको असेल तर काढता येतं, पण सीनियरच्या प्रतीत ते असावंच.

मात्र या ग्राउंडला एक बाजू अशी आहे की ती तपासल्याशिवाय ते पुढे करता येत नाही. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं मार्च २०२३ मध्ये निकाल दिला. त्यानुसार नातलगाची वैधता पुढे केली की प्रमाणपत्र खरं आहे का, नातं रक्ताचं आहे का आणि ती वैधता रीतसर चौकशी करून दिली होती का, हे समिती पाहू शकते. म्हणजे ‘दक्षता पथकाच्या चौकशीनंतर’ हे शब्द लिहायचे तर काकांच्या प्रकरणातला आदेश आणि पथकाचा अहवाल हातात हवा. पक्षकार सांगतात म्हणून ते लिहायचे नाहीत. काकांची फाइल मागवायला माहितीचा अधिकार किंवा नक्कल अर्ज यांचा वेळ लागतो, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. तो कागद मिळाला नाही तर ते शब्द गाळायचे. ग्राउंड तरीही उभं राहतं, फक्त थोडं अरुंद होतं. सीनियरला समासात लिहून कळवायचं की काकांचा अहवाल अजून हाती नाही. न्यायाधीशांनी विचारल्यावर ते कोर्टात पहिल्यांदा कळणं, हा अनुभव कुठल्याही सीनियरवर येऊ देऊ नये.

नव्या क्रमात दुसरं ग्राउंड आजोबांच्या शाळेच्या नोंदीचं. १९३८ च्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘ठाकर’ अशी नोंद आहे. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्याआधीच्या नोंदींच्या वेळी सवलतींचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांचं मोल जास्त. आनंद विरुद्ध तपासणी समिती या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक प्रमाणमूल्य द्यावं, असं म्हटलेलं आहे. समितीनं ही नोंद नाकारताना कारण दिलं की ठाकूर किंवा ठाकर हे नाव बिगर आदिवासीही लावतात. राज्याच्या यादीत ठाकूर आणि ठाकर ही दोन्ही नावं एकाच नोंदीखाली आहेत. या कुटुंबानं ते नाव बिगर आदिवासी म्हणून लावलं, असं दाखवणारा पुरावा समितीपुढे काय होता, एवढाच प्रश्न ग्राउंडमध्ये विचारायचा.

आणि याच ठिकाणी ज्युनियरनं एक कागद लपवला होता. चुलत आजोबांच्या १९६२ च्या शाळेच्या दाखल्यात ‘हिंदू मराठा’ अशी नोंद आहे. समितीनं आदेशात तिच्यावर दोन पानं लिहिली आहेत. मसुद्यात तिचा उल्लेख नव्हता. रिट याचिकेत हे दोन कारणांनी घातक आहे. विवेकाधीन दाद मागणाऱ्यानं महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली तर त्याच कारणानं याचिका फेटाळली जाऊ शकते. शिवाय सीनियर उभे असताना सरकारी वकिलांनी तो दाखला वर केला की आधीच्या चांगल्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. प्रतिकूल नोंद आपणच मांडायची, अनुकूल नोंदीच्या लगेच खाली: ही नोंद १९६२ ची आहे, चुलत शाखेतली आहे, आणि १९३८ ची सरळ शाखेतली नोंद तिच्यापुढे कमी का लेखली याचं कारण आदेशात नाही. तारखांच्या यादीतही ती आलीच पाहिजे.

आप्तभाव चाचणी आणि क्षेत्रबंधन हे दोन मुद्दे थोडक्यात उरकता येतात, कारण कायदा स्थिर आहे. मुलीच्या वडिलांना जमातीचे विधी आणि कुलदैवतं नीट सांगता आली नाहीत, म्हणून चाचणी अनुत्तीर्ण, असं समिती म्हणते. ही चाचणी निर्णायक कसोटी नाही, असं आनंद निकालानं म्हटलं आणि २०२३ च्या खंडपीठानं ते कायम केलं. मूळ गाव जमातीच्या पूर्वीच्या अधिसूचित भागात येत नाही, असंही समितीनं लिहिलं आहे. पण ही क्षेत्रमर्यादा संसदेनं १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमानं, अधिनियम १०८ नं, काढून टाकली. अस्तित्वात नसलेल्या अटीवर दावा फेटाळणं ही आदेशाच्या तोंडावर दिसणारी कायद्याची चूक आहे. सीनियरसाठी हे ग्राउंड अडीच ओळींचं असावं. लांबवलं तर मुद्दा वादग्रस्त असल्याचा उगाच भास होतो.

शेवटची काही ग्राउंड मुलीच्या भवितव्याबद्दल होती. दोन वर्षं अभ्यास झाला, कर्ज काढलं आहे, जागा गेली तर आयुष्य उद्ध्वस्त होईल. हे खरं असतं आणि लिहिताना हात आवरत नाही. पण भारतीय अन्न महामंडळ विरुद्ध जगदीश बालाराम बहिरा या २०१७ च्या निकालानंतर दावा अवैध ठरला की सहानुभूतीवर प्रवेश किंवा नोकरी वाचवता येत नाही. अंतिम मागणीच्या बाजूनं या ओळींना बळ नाही. त्यांची जागा अंतरिम मागणीखालच्या परिच्छेदात आहे. स्थगिती न दिल्यास भरून न निघणारं नुकसान होईल, हे तिथे दाखवावंच लागतं. मजकूर फेकून द्यायचा नाही, योग्य जागी हलवायचा.

आता मागण्या. ज्युनियरच्या मसुद्यात एकच मोठी मागणी होती: आदेश रद्द करून याचिकाकर्तीला न्याय द्यावा. न्यायालयाच्या आदेशात ‘प्रेयर क्लॉज अमुकप्रमाणे’ असे शब्द येतात. त्यामुळे प्रत्येक मागणी स्वतंत्र उभी राहून मंजूर होईल इतकी पूर्ण हवी. इथे ‘अ’ मध्ये उत्प्रेषणाचा रिट काढून अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा आदेश रद्द करावा. तारीख आणि क्रमांक आदेशावरून जशाच्या तशा उतरवायचे. ‘ब’ मध्ये परमादेशाचा रिट काढून समितीला ठरावीक मुदतीत वैधता प्रमाणपत्र देण्याचा निर्देश द्यावा, आणि जप्त केलेला जमातीचा दाखला परत करावा. हा दाखला हमखास विसरला जातो. आदेश रद्द झाला तरी कागद समितीच्या कपाटात राहतो आणि पक्षकार पुन्हा दारात येतो. ‘क’ मध्ये ‘ब’ ला पर्याय म्हणून, अहवालावर उत्तराची संधी देऊन मुदतीत नव्यानं निर्णय घेण्याचा निर्देश. नैसर्गिक न्यायाचं ग्राउंड फक्त या ‘क’ला आधार देतं.

अंतरिम मागण्या दोन हव्यात आणि त्या वेगळ्या हव्यात. ‘ड’ म्हणजे आदेशाच्या परिणामाला व अंमलबजावणीला स्थगिती. पण दावा फेटाळणाऱ्या आदेशाला स्थगिती मिळाल्यानं मुलीला वैधता प्रमाणपत्र मिळत नाही. महाविद्यालय ‘वैधता आणा’ म्हणू शकतंच. म्हणून ‘इ’ मध्ये याचिकेचा निकाल लागेपर्यंत प्रवेश रद्द करू नये आणि परीक्षेला बसू द्यावं, असा महाविद्यालयाला थेट मनाई व निर्देश. ‘फ’ मध्ये ‘ड’ आणि ‘इ’ प्रमाणे तातडीची अंतरिम दाद. ‘इ’ मागायची तर महाविद्यालय प्रतिवादी असलंच पाहिजे. ज्युनियरच्या शीर्षकात राज्य सरकार आणि समिती होती, महाविद्यालय नव्हतं. प्रतिवादींची यादी म्हणूनच मागण्या लिहून झाल्यावर तपासायची: प्रत्येक निर्देश कुणाला द्यायचा आहे, तो समोर आहे का?

एक काळजी ग्राउंड आणि तथ्यांच्या मेळाची. भारत सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या १९८८ च्या निकालाप्रमाणे रिट याचिकेत नुसती विधानं पुरत नाहीत. तथ्यं मांडून त्यांचा पुरावाही जोडावा लागतो. पान ४८ चा उल्लेख ग्राउंडमध्ये आहे, पण काकांच्या वैधतेबद्दल तथ्यांच्या परिच्छेदात एक शब्द नाही, असं अनेक मसुद्यांत होतं. प्रत्येक ग्राउंडसाठी तथ्यांचा एक परिच्छेद सापडला पाहिजे, आणि त्याचा क्रमांक समासात लिहिला की सीनियरचं आणखी एक मिनिट वाचतं.

तेवीस ग्राउंडची शेवटी सहा झाली. आमच्याकडे सिनॉप्सिसमध्ये तारखांच्या यादीनंतर युक्तिवादाचे मुद्दे, कायदे आणि निकाल यांची पानं असतातच. ज्युनियर तिथे बहुतेक वेळा ग्राउंडचीच ओळ न् ओळ चिकटवतात. त्याऐवजी त्या जागी सहा मुद्दे, प्रत्येकी दोन ओळींत, आदेशाचं पान, एक्झिबिटचं पान आणि मागणीचं अक्षर एवढंच ठेवावं. पानांचे आकडे मात्र अंतिम पेजिनेशन झाल्यावरच भरायचे. ऐनवेळी नोटिशीची प्रत किंवा वकीलपत्र मध्ये घातलं की सगळे आकडे सरकतात आणि सीनियर पान ४८ उघडतात तेव्हा तिथे फीची पावती असते. ऑफिस ऑब्जेक्शन निघाल्यावर पानं बदलली तर तोच कागद पुन्हा भरून सीनियरच्या ब्रीफमध्ये बदलून ठेवायचा, जुना काढून टाकायचा.

तुझा मसुदा असा लावून झाला की सहा मुद्द्यांचं ते पान आणि प्रेयर क्लॉज एवढंच आधी पाठव. आदेशाची प्रत त्यासोबत असू दे.

तुझा,
मामा